खांब क्रमांक लिहिला का?

आपल्यातल्या पुष्कळ मुलामुलींच्या मोबाईलमध्ये अशी एक तरी पोस्ट सापडेल: अंधाऱ्या गल्लीचा काळाकुट्ट फोटो, महापालिकेच्या खात्याला टॅग, चार उद्गारचिन्हे आणि खाली मित्रांच्या पन्नास प्रतिक्रिया. दिवा मात्र बंदच. मग निष्कर्ष निघतो की सोशल मीडियावर लिहून काही होत नाही, आणि त्यापुढचा निष्कर्ष असा की आपल्या वस्तीचे कुणी ऐकतच नाही. दुसऱ्या निष्कर्षाकडे आपण या लेखात नंतर वळू, कारण तो हलका नाही. आधी पहिल्याचे बघू. अशा बहुतेक पोस्ट वाचून, मनात आणले तरीसुद्धा, कुणाला दिवा दुरुस्त करता येणार नाही. कोणता दिवा, हेच त्यात नसते.

रस्त्यावर दिवे लावणे ही महापालिकेची मेहेरबानी नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची जी बंधनकारक कामे दिली आहेत, त्यांत सार्वजनिक रस्त्यांवरील दिवाबत्ती येते. नगरपरिषदांसाठी तेच काम १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये आहे. म्हणजे तुम्ही विनंती करता तेव्हा भीक मागत नसता. पण एवढे माहीत असले की पोस्टमध्ये कायदा फेकून मारायची गरज उरत नाही. कलम माहीत असलेला माणूस शांतपणे लिहू शकतो.

तुमची पोस्ट कुठे कुठे जाते, ते आधी समजून घ्या. महापालिकेचे खाते सांभाळणारी व्यक्ती जनसंपर्क विभागातली असते, पुष्कळदा बाहेरच्या एजन्सीची. तिने तुमची गल्ली पाहिलेली नसते. ती पोस्टचा स्क्रीनशॉट काढून प्रभाग कार्यालयाच्या किंवा विद्युत विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. तिथून तो कनिष्ठ अभियंत्याकडे, त्याच्याकडून ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे आणि शेवटी वायरमनकडे जातो. वायरमन संध्याकाळी शिडीची गाडी घेऊन निघतो तेव्हा त्याच्या हातात तो एक स्क्रीनशॉट असतो आणि डोक्यात दिवसभराचे आणखी वीसेक दिवे. तुमच्या पोस्टचा खरा वाचक तो आहे. आयुक्तांना लाज वाटावी म्हणून लिहिलेली वाक्ये त्याच्या काहीही उपयोगाची नाहीत. आणि स्क्रीनशॉट एकाच पोस्टचा निघतो, त्यामुळे गल्लीचे नाव पहिल्या पोस्टमध्ये आणि खांबाचा क्रमांक खाली तिसऱ्या उत्तरात लिहिला असेल, तर तो क्रमांक वाटेतच गळतो. जे सांगायचे ते एका पोस्टमध्ये बसले पाहिजे.

आता एक उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ. समजा, जुन्या बाजारात एक गल्ली आहे. सगळे तिला बेकरीची गल्ली म्हणतात, महापालिकेच्या कागदावर ती गल्ली क्रमांक ३ आहे. गल्लीत सहा खांब, मधल्या एका खांबावरचा दिवा बंद. त्या खांबाच्या पायाशी गटाराचे झाकण तुटलेले. क्लासवरून रात्री साडेनऊला परतणाऱ्या मुली त्या टप्प्यात मोबाईलची बॅटरी लावून चालतात. एका मुलाने रागाने लिहिले:

«आमच्या भागात महिनोन्महिने अंधार! प्रशासन झोपले आहे का? कर घेताना बरी आमची आठवण येते. मुद्दाम दुर्लक्ष केले जाते. थोडी तरी लाज बाळगा.»

राग समजण्यासारखा आहे. पण वायरमनच्या नजरेने वाचा. भाग कोणता? एक दिवा की सगळे? कधीपासून? तक्रार आधी केली होती का? एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. उलट «मुद्दाम» या शब्दामुळे पोस्टचा विषय बदलला. आता खाली येणाऱ्या प्रतिक्रिया दिव्याबद्दल नसतील. कुणी वस्तीबद्दल वाईट बोलेल, कुणी त्याला उत्तर देईल, आणि तासाभरात तिथे जे चालू असेल त्यात पडायला कोणताही कर्मचारी धजणार नाही. खाते सांभाळणारी व्यक्ती अशी पोस्ट पुढे पाठवत नाही, सोडून देते.

त्या मुलाने काय करायला हवे होते? सगळ्यात आधी, संध्याकाळी गल्लीत जाऊन नीट बघायला हवे होते. दिवा बंद आहे एवढे म्हणणे म्हणजे डॉक्टरला नुसते «बरे नाही» सांगण्यासारखे आहे. एकच दिवा बंद आणि मागचे-पुढचे चालू असतील, तर बिघाड बहुधा त्या खांबातच आहे. एलईडी दिव्यात ड्रायव्हर नावाचा छोटा भाग असतो, तो घरातल्यासारखी वीज दिव्याला लागेल अशी करून देतो. वीज कमीजास्त झाली किंवा जवळ वीज पडली, की बहुतेक वेळा आधी तोच जातो. कधी दिवा ठीक असतो आणि खांबाच्या खालच्या भागातल्या जोडपेटीत फ्यूज उडालेला किंवा तार सुटलेली असते. या दोन्हींसाठी माणूस त्या खांबाकडेच यावा लागतो.

पण ओळीने सगळे दिवे बंद असतील तर गोष्ट वेगळी. रस्त्याच्या कडेला लोखंडी पेटी असते, तिच्यातून पंधरा-वीस खांबांना एकत्र वीज जाते. तिच्यातला टायमर बिघडला, ब्रेकर पडला किंवा जमिनीखालची केबल कुठे तुटली, तर पूर्ण ओळ अंधारात जाते. इथे एका खांबाचा क्रमांक देऊन चालत नाही, «अमुक चौकापासून तमुक दुकानापर्यंत सर्व» असे लिहावे लागते. एकेका दिव्याची तक्रार दहा जणांनी वेगवेगळी केली, तर दहा तक्रारी दहा बिघाड म्हणून नोंदल्या जातात आणि पेटी कुणी उघडत नाही. दिवा रोज लागतो पण पाऊस आला की जातो, असे असेल तर तेही लिहा. पाणी जोडपेटीत शिरते आणि ब्रेकर पडतो, आणि सकाळी बघायला आलेल्या माणसाला सगळे ठीक दिसते. तो «दिवा चालू आहे» असा शेरा मारून जातो, आणि तुम्हाला तो खोटारडा वाटतो. दोघेही खरे बोलत असता.

कधी कधी दिवा चालूच असतो. त्याच्यासमोर झाडाची फांदी वाढलेली असते आणि खाली सावली पडते. ते काम विद्युत विभागाचे नाही, उद्यान विभागाचे आहे. फांदी आपणच तोडून टाकू, हा उत्साह आवरा. शहरी भागातल्या झाडांसाठी राज्यात १९७५ पासून वेगळा कायदा आहे आणि त्यासाठी परवानगी लागते.

मग बंद कधीपासून, हे कोण सांगेल? आपल्या वस्तीत याचे उत्तर सोपे आहे. फजरला जाणाऱ्या चाचांना विचारा. रात्री दिवा लागला होता की नाही, हे अकरा वाजता झोपणाऱ्याला माहीत नसते. पहाटे पाचला तिथून जाणाऱ्याला ते रोज माहीत असते, आणि दिवा पहाटे आपोआप लवकर बंद होतो की मुळात लागतच नाही, हेही. «महिनोन्महिने» असे लिहिण्यापेक्षा «२ जूनपासून» लिहिणे कधीही चांगले. महिनोन्महिने हा शब्द वाचणाऱ्याने ऐकून ऐकून गुळगुळीत झाला आहे. तारीख मात्र तपासता येते.

खांबावर क्रमांक रंगवलेला असतो किंवा पत्र्याची छोटी पट्टी ठोकलेली असते. तो दिवसा वाचून घ्या. क्रमांक पुसला गेला असेल तर मागच्या आणि पुढच्या खांबांचे क्रमांक घ्या आणि «२१६ व २१८ च्या मधला» असे लिहा. तेही नसेल तर समोरच्या दुकानाचे नाव द्या. मात्र कुणाच्या घराचे नाव किंवा घर क्रमांक जाहीर पोस्टमध्ये टाकू नका. अमुक घरासमोर रात्री अंधार असतो, ही बातमी सगळ्या जगाला देण्यासारखी नाही.

हे बघताना एक गोष्ट पाळा: खांबाला हात लावायचा नाही, पावसात तर नाहीच. जोडपेटीचे झाकण उघडे आहे, तार लोंबते आहे, किंवा कुणी सांगते की खांबाला हात लागला तेव्हा झिणझिण्या आल्या, तर हा विषय पोस्टचा राहत नाही. मुलांना दूर ठेवा, दोन माणसे तिथे उभी करा आणि ताबडतोब फोन करा. खांब महावितरणचा असेल तर १९१२, नाहीतर महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक किंवा ११२. अशा वेळी कुणाला टॅग करत बसू नका.

यातून पुढचा प्रश्न येतो, की खांब कुणाचा. रस्त्यावरचा प्रत्येक दिवा महापालिकेचाच असतो असे नाही. लहान शहरांत पुष्कळ ठिकाणी खांब आणि तारा महावितरणच्या असतात आणि त्यांवर टांगलेला दिवा नगरपरिषदेचा. दिवा गेला तर नगरपरिषद, तार तुटली तर महावितरण. मुंबईत आणखी वेगळे आहे. पथदिव्यांची देखभाल शहर भागात बेस्ट करते, उपनगरांच्या मोठ्या भागात अदानी इलेक्ट्रिसिटी, आणि मुलुंड-भांडुपकडे महावितरण. शहरातून जाणारा महामार्ग असेल तर त्यावरचे दिवे वेगळ्याच यंत्रणेचे असू शकतात, आणि सोसायटीच्या किंवा अजून हस्तांतरित न झालेल्या लेआऊटच्या आतल्या रस्त्याची जबाबदारी महापालिकेने घेतलेलीच नसते. हे शोधायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तुमच्या भागातल्या वायरमनला विचारणे. चहाच्या टपरीवर तो सापडतो, आणि कोणता खांब कुणाचा हे त्याला पाठ असते. चुकीच्या कार्यालयाला लिहिलेल्या पोस्टवर «हा विषय आमच्या अखत्यारीत नाही» असे एक वाक्य येते आणि तुमचे आठ दिवस जातात.

आता तक्रार. पोस्टच्या आधी तक्रार, हा क्रम उलटा करू नका. यामागे शिष्टाचारापेक्षा हिशेब जास्त आहे. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राची पथदिव्यांची राष्ट्रीय योजना सुरू झाली. त्यात आणि नंतर शहरांनी आपापल्या पातळीवर केलेल्या बदलांत जुने सोडियमचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. त्याबरोबर देखभालही पुष्कळ ठिकाणी कंपन्यांकडे किंवा ठेकेदारांकडे गेली. अशा करारांत बहुधा दुरुस्तीची मुदत असते, आणि मुदत चुकली तर ठेकेदाराच्या बिलातून दंड कापायची तरतूद असते. पण ती मुदत नोंदवलेल्या तक्रारीपासून मोजतात. तुमची पोस्ट दहा हजार लोकांनी पाहिली तरी घड्याळ सुरू होत नाही. ते हेल्पलाइनवर, ॲपवर किंवा प्रभाग कार्यालयात तक्रार नोंदवून क्रमांक मिळाला की सुरू होते. म्हणून आधी तक्रार करा, क्रमांक लिहून ठेवा, आणि महापालिकेने सांगितलेली मुदत जाऊ द्या. मुदत सांगितली नसेल तर चार-पाच दिवस थांबा. त्यानंतरच्या पोस्टला अर्थ असतो, कारण त्यात तुम्ही महापालिकेच्या स्वतःच्याच नोंदीची आठवण करून देत असता. तो क्रमांक कनिष्ठ अभियंत्याच्या यादीत आहे, त्यामुळे नाकारता येत नाही.

फोटो दोन हवेत. एक दिवसाचा, ज्यात खांब आणि त्यावरचा क्रमांक वाचता येतो. दुसरा रात्रीचा, आणि इथे नवे मोबाईल घात करतात. नाइट मोड चालू असला की मोबाईल काही सेकंद प्रकाश गोळा करतो आणि मिट्ट काळोखी गल्ली फोटोत लख्ख दिसते. बघणारा म्हणेल, इथे तर उजेड आहे. नाइट मोड बंद करा, फ्लॅश बंद करा. फ्रेममध्ये शेजारचा चालू दिवा आणि मधला बंद दिवा एकत्र येतील असे उभे राहा, म्हणजे नुसता काळा फोटो न दिसता फरक दिसेल. गल्लीतून कुणी जात असेल तर जाऊ द्या आणि मग फोटो काढा. आपल्या मुद्द्याला जोर यावा म्हणून अंधारातून चालणाऱ्या मुलींचा फोटो टाकायचा मोह काहींना होतो. त्यांना विचारलेले नसते, आणि त्यांची वेळ व वाट दोन्ही जगजाहीर होतात.

इतके झाल्यावर त्या मुलाची पोस्ट अशी होऊ शकते:

«नमस्कार. जुना बाजार, बेकरीची गल्ली (गल्ली क्र. ३), खांब क्र. २१७ वरील पथदिवा २ जूनपासून बंद. २१६ व २१८ चालू. तक्रार क्र. ४४१२०, ४ जून. खांबाजवळ गटाराचे झाकण तुटले आहे. गल्ली ९ फूट. गाडी येणार त्या दिवशी दुचाक्या हटवून ठेवू. दुरुस्ती कोणत्या दिवशी होईल, कृपया कळवावे.»

ही २८० अक्षरांच्या मर्यादेत बसते. एक्सवर साध्या खात्याला तेवढीच जागा मिळते, आणि मराठीत काना, मात्रा, वेलांटी हे सगळे वेगवेगळे मोजले जाते, त्यामुळे मराठीत ही जागा वाटते त्यापेक्षा लवकर संपते. विशेषणांना तिथे जागाच नाही, आणि ते बरेच आहे. गल्लीची दोन्ही नावे दिली आहेत, कारण कार्यालयाला कागदावरचे नाव कळते आणि वायरमनला तोंडातले. मराठीत लिहिल्याने कुणाला ती पुन्हा टाइप करावी लागत नाही, जशीच्या तशी नोंदवहीत जाते.

यात सर्वांत महत्त्वाचे वाक्य आमच्या मते दुचाक्यांचे आहे. जुन्या वस्त्यांतले दिवे उशिरा दुरुस्त होण्याचे एक साधे कारण म्हणजे शिडीची गाडी. ती छोट्या ट्रकवर बसवलेली असते. नऊ फुटांच्या गल्लीत दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या असल्या की ती आत येत नाही. वायरमन तोंडावरूनच परत जातो, आणि त्याच्या कागदावर «जागा उपलब्ध नाही» किंवा नुसतेच «काम झाले» असे काहीतरी लागते. हे वाक्य लिहिणारा माणूस त्या अडचणीला आधीच उत्तर देऊन बसला आहे. पण ते लिहिले तर पाळावेही लागते. गाडी येणार त्या दिवशी दुपारी सगळ्या घरांत निरोप द्यायचा, आणि कुणाच्या अब्बांची जुनी, चावी हरवलेली लूना असेल तर ती दोघांनी उचलून बाजूला ठेवायची.

गटाराच्या झाकणाचे काम दुसऱ्या विभागाचे आहे. पोस्टमध्ये ते धोका दाखवण्यासाठी आले आहे. त्याची तक्रार वेगळी करा आणि क्रमांक वेगळा घ्या, नाहीतर दिवा लागेल, तक्रार बंद होईल आणि झाकण तसेच राहील.

पुढे काय होते? चांगल्या दिवशी उत्तर येते, दोन दिवसांत दिवा लागतो. वाईट दिवशी मोबाईलवर संदेश येतो, «आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे», आणि गल्लीत जाऊन बघावे तर अंधार. हे वारंवार घडते आणि इथे बहुतेकांचा संयम सुटतो. सुटू देऊ नका. त्याच रात्री त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढा, आणि मूळ पोस्टच्या खालीच लिहा: «तक्रार क्र. ४४१२० दि. ११ जून रोजी बंद केल्याचा संदेश मिळाला. दि. ११ जून रात्री ९.४० ची स्थिती सोबत. दिवा अद्याप बंद आहे. तक्रार पुन्हा उघडावी.» यात कुणी खोटे बोलले असे कुठेही म्हटलेले नाही. दोन तारखा शेजारी ठेवल्या आहेत. ज्याला बघायचे आहे तो बघेल, आणि ठेकेदाराचे बिल तपासणाऱ्या अधिकाऱ्याला तर ते बघावेच लागेल.

आता तो दुसरा निष्कर्ष. आपल्या मोहल्ल्यातले दिवेच उशिरा दुरुस्त होतात, ही शंका तुमच्यापैकी अनेकांना असेल. ती बोलायचीच नाही, असे आमचे म्हणणे नाही. पण ती एका दिव्यावरून सिद्ध होत नाही, आणि एका दिव्याच्या पोस्टमध्ये लिहिली तर दिवाही जातो आणि शंकाही फुकट जाते. ती तपासायची जागा माहितीचा अधिकार ही आहे. २००५ च्या कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून महापालिकेच्या विद्युत विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि त्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा. त्यात मते लिहू नका, «दुर्लक्ष का होते» असे विचारू नका. कारणे माहितीच्या स्वरूपात कुठे नोंदलेली नसतात, आणि तेवढ्यावरून अर्ज परत येतो. नोंद मागा: अमुक दोन प्रभागांत १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळात आलेल्या पथदिव्यांच्या तक्रारींची यादी, प्रत्येकीचा क्रमांक, ठिकाण, नोंदणीची तारीख आणि बंद केल्याची तारीख.

यादी आली की हिशेब साधा आहे. प्रत्येक तक्रारीला किती दिवस लागले ते काढा, दिवस चढत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा बघा. सरासरी काढू नका, कारण एखादी शंभर दिवस पडून राहिलेली तक्रार सगळी सरासरी बिघडवते. मग तुलना करा, पण सारख्याशी सारखी. चाळीस फुटी रस्त्याच्या दिव्याची नऊ फुटी गल्लीतल्या दिव्याशी तुलना केली तर फरक निघेलच, आणि तो शिडीच्या गाडीचा असेल. तुमच्या गल्ल्यांसारख्याच गल्ल्या दुसऱ्या प्रभागातही असतात, त्या निवडा. जुनी केबल असलेल्या भागात बिघाड जास्त होतात, म्हणून तक्रारींची संख्या न मोजता दुरुस्तीला लागलेले दिवस मोजा. शिवाय बंद केल्याची तारीख म्हणजे दिवा लागल्याची तारीख नव्हे, हे आपण आताच पाहिले. म्हणून काही तक्रारींसाठी तुमची स्वतःची नोंद हवी.

यातून फरक निघाला नाही, तर एक गैरसमज गेला. निघाला, तर तुमच्या हातात असे काही आहे जे नगरसेवकासमोर, आयुक्तांसमोर आणि वर्तमानपत्राच्या बातमीदारासमोर त्याच शब्दांत ठेवता येईल, आणि तिथे «मुद्दाम» हा शब्द तुम्हाला वापरावाही लागणार नाही.

स्वतःची नोंद ठेवायला एक साधी वही किंवा मोबाईलमधली शीट पुरते. खांब क्रमांक, बंद पडल्याची तारीख, तक्रार क्रमांक, संदेश आल्याची तारीख आणि दिवा खरोखर लागल्याची तारीख, एवढेच पाच रकाने. गल्लीतल्या एकाने ती सांभाळावी, शक्यतो दहावी-बारावीच्या परीक्षेत नसलेल्याने. दिवा लागला की मूळ पोस्टच्या खाली फोटोसह लिहा, «खांब क्र. २१७ वरील दिवा दि. १३ जून रोजी दुरुस्त झाला. विद्युत विभागाचे आणि काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे आभार.» मूळ पोस्ट काढून टाकू नका. पुढच्या पावसाळ्यात तोच खांब पुन्हा बंद पडला, आणि वहीत तो तिसऱ्यांदा दिसला, तर तक्रारीत नवा दिवा मागू नका. दिवा दोनदा बदलून झालेला आहे. जोडपेटीत पाणी शिरते आहे, ती उघडून तपासावी आणि बदलावी, असे लिहा, आणि आधीच्या दोन्ही तक्रारींचे क्रमांक खाली द्या.